आठवी ‘ब’साठी सात मिनिटं

सकाळी साडेपाच

आज संध्याकाळपर्यंत सात मिनिटांचा धडा चित्रित करून मुलांच्या घरी पोचवायचा आहे. आठवीत काल ‘चलन’ प्रकरण सुरू केलं आणि वर्गातली नऊ मुलं नव्हती. काही पोळ्याला गावी गेली ती अजून परतली नाहीत, काही तापानं घरी आहेत. नागपुरात हे दरवर्षीचंच आहे. पोळा, तान्हा पोळा, मारबत आणि त्याच दिवसांतली तापाची साथ असे तीन-चार दिवस हजेरीपट विरळ होतो, आणि नेमकं त्याच सुमारास पुस्तक समचलन-व्यस्तचलनापाशी आलेलं असतं.

लिहायला बसण्याआधी मी कालच्या वह्या उघडते. वर्गात नव्हती त्या मुलांसाठी लिहायचं असलं, तरी वर्गात होती त्यांच्या वह्या आधी पाहते. जी चूक या वह्यांमध्ये आहे, तीच त्या नऊ जणांच्या डोक्यातही असणार. वर्गात मी चेहरे बघून थांबू शकते, मागे जाऊ शकते. चित्रित धड्यात ते जमत नाही. म्हणून चूक कुठं होणार हे मला लिहितानाच ठाऊक असायला हवं.

काल फळ्यावर दिलेलं उदाहरण असं होतं : ४ माणसांना ६ वाट्या पोहे लागतात, तर ६ माणसांना किती लागतील? बरोबर उत्तर ९. बऱ्याच वह्यांमध्ये ८ आहे. एकीनं तर शेजारी कारणही लिहून ठेवलंय, ‘दोन माणसं वाढली म्हणून दोन वाट्या वाढवल्या’. कारण लिहिणाऱ्या मुलीचं मला फार बरं वाटतं. तिनं आकडेमोड चुकवलेली नाही. तिनं दोन राशींमधलं नातंच बेरजेचं धरलंय.

ही चूक आपल्याकडचीच आहे असं नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉबर्ट कार्प्लस या शास्त्रज्ञानं मुलांना एका बुटक्या आणि एका उंच माणसाचं कोडं घातलं होतं. बुटक्याची उंची ४ बटणं, उंच माणसाची ६ बटणं. बुटक्याला कागदाच्या पिनांनी मोजलं तर ६ पिना भरतात, मग उंच माणूस किती पिनांचा? तिथंही पुष्कळ मुलांनी ८ सांगितलं, कारणही तेच, दोननं मोठा. माझ्या पोह्यांच्या उदाहरणातले आकडे तिथलेच. ते वर्गासाठी उत्तम आहेत. चित्रित धड्यासाठी मात्र ते बदलायला हवेत.

सकाळी साडेसहा

बदलायचं कारण कानाचं आहे. ‘४ माणसांना ६ वाट्या, ६ माणसांना किती’ हे फळ्यावर बोट ठेवून सांगताना अडचण येत नाही. फोनच्या छोट्याशा पडद्यावर, तेही काच तडकलेल्या पडद्यावर, मूल मुख्यतः ऐकतं. ‘सहा’ एकदा वाट्यांचे आणि लगेच माणसांचे ऐकू आले की कुठला सहा कुणाचा याचा गोंधळ होतो. म्हणून उंच माणसाला रजा देऊन मी दहा माणसं घेते : ४ माणसांना ६ वाट्या, तर १० माणसांना किती?

आता उत्तर १५. बेरजेच्या वाटेनं जाणारं मूल म्हणेल, सहा माणसं वाढली, सहा वाट्या वाढवा, १२. दोन्ही उत्तरं लांब लांब आहेत, म्हणजे मुलानं काय केलं ते उत्तरावरून कळेल. शिवाय दहा म्हणजे चार, चार आणि दोन. ज्याला भागाकार सुचणार नाही तो ६ आणि ६ आणि निम्मे ३ असं जुळवत १५वर येऊ शकतो. ही वाट मला बंद करायची नाही. बरीच मुलं भागाकाराकडे याच पायवाटेनं येतात.

आकडे निवडणं हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे आणि त्यात वेळ घालवायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. ‘५ वह्यांना १०० रुपये तर १० वह्यांना किती’ हे उदाहरण देऊन आपण समाधान मानतो. मूल दुप्पट करतं, २०० सांगतं, आपण पुढं जातो. त्याला गुणोत्तर कळलं की नुसतं दुप्पट करता आलं, हे त्या उदाहरणातून कधीच कळत नाही.

सकाळी साडेसात

कागदाला मधोमध रेघ मारून दोन रकाने करते. डावीकडे ‘ऐकू येईल ते’, उजवीकडे ‘दिसेल ते’. बोलताना मी मिनिटाला शंभरेक शब्द बोलते, मध्ये गप्प राहायची जागा धरली तर सात मिनिटांत साडेपाचशेच्या वर शब्द बसत नाहीत. पुस्तकातलं प्रकरण यात मावणार नाही, मावू नयेही. मी एकच प्रश्न धरते आणि तो तीनदा विचारायचा ठरवते : यात काय बदलत नाही?

पहिला भाग लिहून झाला तो असा :

‘चार माणसांना सहा वाट्या पोहे लागतात. दहा माणसांना किती लागतील? धडा इथं थांबव. वहीत उत्तर लिही. मग पुढं चल. (फळ्यावर फक्त प्रश्न. दहा सेकंद शांतता.) काही जणांनी बारा लिहिलं असेल. सहा माणसं वाढली, म्हणून सहा वाट्या वाढवल्या. चला, बारा वाट्या वाढून बघू. पहिल्या चार माणसांना सहा वाट्या दिल्या. प्रत्येकाला दीड वाटी मिळाली. उरल्या सहा वाट्या, आणि बसायचे राहिले सहा जण. त्यांना प्रत्येकी किती मिळाली?’

इथं पुन्हा थांबते. उत्तर एक वाटी. आधी बसलेल्याला दीड आणि नंतर आलेल्याला एक. मूल हे स्वतः मोजतं आणि स्वतःच म्हणतं की हे बरोबर नाही. बारा हे उत्तर ‘चूक’ असं मी संहितेत कुठंही म्हणत नाही, कारण त्याची गरजच उरत नाही. बारा वाट्या वाढून पाहिल्या की वाढपातला अन्याय दिसतो. पुढं एवढंच : ‘माणसं बदलली, वाट्या बदलल्या. काय बदलू द्यायचं नाही? माणशी दीड वाटी. मग दहा माणसांना दहा गुणिले दीड, पंधरा वाट्या.’ उजव्या रकान्यात ६ ÷ ४ = १.५ आणि १० × १.५ = १५. दोन्हीकडे एकक लिहायचं, ‘वाट्या, माणशी’ आणि ‘वाट्या’. पुस्तकात ज्याला चलनाचा स्थिरांक म्हटलंय तो हाच दीड. त्याचं नाव पोहे वाढून झाल्यावर सांगायचं, आधी नाही.

सकाळी साडेनऊ

व्यस्तचलनासाठी पुस्तकातलं मजुरांचं उदाहरण माझ्या मनात होतं : मजूर वाढले की दिवस कमी. ते बाजूला ठेवलं, कारण त्यात न बदलणारी गोष्ट म्हणजे ‘काम’, आणि काम कॅमेऱ्यासमोर ठेवता येत नाही. मला टेबलावर ठेवून दाखवता येईल असं काहीतरी हवं होतं.

ते भास्कराचार्यांकडे सापडलं. ११५०च्या सुमाराच्या लीलावतीत त्रैराशिकाच्या पाठोपाठ व्यस्त त्रैराशिक येतं. व्यस्त त्रैराशिक कुठं लागू पडतं हे तिथं सांगितलंय, आणि त्यात धान्याची रास वेगवेगळ्या मापांनी मोजणं आहे. उदाहरण साधं आहे. सात आढक मावणाऱ्या मापानं रास मोजली तर शंभर मापं भरली, तीच रास पाच आढकांच्या मापानं मोजली तर किती भरतील? रास सातशे आढकांची, म्हणून एकशे चाळीस मापं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७मध्ये मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. म्हणजे महाराष्ट्रातली मुलं हे गणित किमान आठशे वर्षं करत आली आहेत. आढक आता कुणाला कळणार नाही, पण रास आणि माप कळतं. विदर्भात पायलीनं धान्य मोजलेलं आजी-आजोबांच्या बोलण्यात अजून असतं.

मी आढकांच्या जागी चमचे घेते. मोठी वाटी ६ चमच्यांची, तिनं तांदळाची रास मोजली तर ८ वाट्या भरतात. छोटी वाटी ४ चमच्यांची. तिनं मोजली तर किती भरतील? रास ४८ चमच्यांची, म्हणून १२. इथं चुकीची उत्तरं दोन संभवतात. ज्याला वाटतं की सगळीच उदाहरणं पोह्यांसारखी, तो ८ भागिले ६ करून चारनं गुणेल आणि ५ पूर्णांक १/३वर येईल. जो बेरजेच्या वाटेनं जाईल तो म्हणेल, वाटी दोन चमच्यांनी लहान झाली, म्हणून वाट्या दोननं वाढतील, १०. बारा, दहा आणि सव्वापाचच्या आसपासचं काहीतरी : तीन वाटा, तीन वेगळी उत्तरं.

इथं एक आकडा मुद्दाम टाळलाय तो सांगते, कारण शिक्षकांनी तो पाहिला पाहिजे. ‘छोट्या वाटीऐवजी ८ चमच्यांची मोठी वाटी घेतली तर?’ हा प्रश्न फार सहज सुचतो. बरोबर उत्तर ४८ ÷ ८ = ६. आता बेरीज करणारं मूल काय म्हणेल? वाटी दोननं मोठी झाली, वाट्या दोननं कमी, ८ वजा २, म्हणजे ६. चुकीचं नातं आणि बरोबर उत्तर! ६ आणि ८ची नुसती अदलाबदल झालीय, म्हणून हे जुळतं. वहीत ६ पाहून मी बरोबरची खूण करीन आणि ते मूल आयुष्यभर बेरजेच्या वाटेनं चालेल. समचलनात ही भीती फारशी नसते, तिथं बेरजेचं उत्तर सहसा वेगळंच येतं. व्यस्तचलनात मात्र दोन संख्यांची अदलाबदल होत नाही ना, हे उदाहरण बनवणाऱ्यानं तपासूनच घ्यावं.

सकाळी साडेदहा

स्वयंपाकघरात रास खरंच मोजून बघते. आधी पोहेच घेतले होते. ते नीट भरत नाहीत. वाटी हलवली की पोहे दबतात, दुसऱ्यांदा ओतले की थोडे मोडतात, आणि बाराव्या वाटीपर्यंत पोचायच्या आत रास संपते. तांदूळ एकसारखा बसतो. तेही वाटी शिगोशीग भरायची नाही, पट्टीची कड फिरवून सपाट करायची. कॅमेऱ्यासमोर वाट्या साडेअकरा भरल्या, तर गणितावरचा मुलाचा विश्वास जाईल, आणि तो गेलेला मला समोर दिसणारही नाही. दोन्ही वाट्या चमच्यानं भरून तपासते. आपल्या घरातली छोटी वाटी बरोबर चार चमच्यांची निघेलच असं नाही, म्हणून औषधाच्या बाटलीची मापाची झाकणं आणि डब्याची टोपणं जमवून हवी ती दोन मापं मिळवते.

२०२०च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका लागायची, तिच्यात घरातल्याच वस्तू हाताळून शिकण्यावर भर होता. ते मला पटलेलं आहे. वर्ग बुडालेल्या मुलाजवळ फळा नसतो, पण तांदूळ आणि दोन वाट्या असतातच.

दुपारी पावणेतीन

आमची शाळा बाराची. मधल्या सुटीत, गावाहून आजच परतलेल्या एका मुलाला स्टाफरूममध्ये बोलावते. कालच्या वर्गात तो नव्हता, म्हणजे धडा ज्याच्यासाठी आहे तोच हा. त्याच्यासमोर संहिता वाचते, कागद त्याला दिसू देत नाही, फक्त उजव्या रकान्यात आहे तेवढं पाटीवर लिहीत जाते.

पहिल्या प्रश्नानंतर मी गप्प बसते. तोही गप्प बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

‘लिहिलं नाहीस?’

‘तुम्ही सांगून राहिले नं मॅडम, म्हणून थांबलो.’

त्याचं बरोबर आहे. पडद्यावर बाई पुढं सांगणारच आहेत हे मुलाला माहीत असतं, मग तो कशाला लिहील? दहा सेकंदांची शांतता पुरत नाही. तिथं मी लिहिते : ‘उत्तर लिहिल्याशिवाय पुढं गेलास तर पुढचा भाग तुला कळणार नाही, कारण मी तुझ्या उत्तराबद्दलच बोलणार आहे.’ आणि पडद्यावर प्रश्नाशेजारी एक रिकामी चौकट, जी भरलेली मी कधीच दाखवणार नाही.

मग तो लिहितो, बारा. वाढप करून बघतो. दीड आणि एक म्हटल्यावर क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘मागून बसले त्याईले कमी भेटलं.’ हे वाक्य मी तसंच संहितेत घेतलं असतं, पण धड्याच्या मधोमध ते माझ्या तोंडी शोभणार नाही. ते त्याचंच आहे.

दुसऱ्या भागात तो अडतो तो अनपेक्षित ठिकाणी. मी पाटीवर ६ × ८ = ४८ लिहिते आणि तो विचारतो, ‘अठ्ठेचाळीस काय?’ वाट्या की चमचे? पोह्यांच्या वेळी मी दीडला एकक लावलं होतं, इथं लावलेलं नव्हतं. व्यस्तचलनात मुलं ज्या ठिकाणी हात टेकतात ते हेच. समचलनातला स्थिरांक एक भाव असतो, माणशी इतक्या वाट्या, त्याचा अर्थ लगेच लागतो. व्यस्तचलनातला स्थिरांक गुणाकार असतो, आणि हा गुणाकार कशाचा हे सांगितलं नाही तर तो आकाशातून पडलेला आकडा वाटतो. ‘अठ्ठेचाळीस चमचे तांदूळ. सगळी रास. मोठ्या वाटीनं मोजा, छोट्या वाटीनं मोजा, रास तेवढीच’, असं तिथं लिहिते. मजुरांच्या उदाहरणातही ८ मजूर × १५ दिवस = १२० हा आकडा एका मजुराच्या १२० दिवसांच्या कामाचा असतो. तेवढं सांगितलं की १२ मजुरांना १० दिवस का लागतात ते मूल स्वतः सांगतं.

दुपारी साडेतीन

मोकळ्या तासाला विज्ञानाचे सर संहिता वाचतात. त्यांचा आक्षेप रास्त आहे. ‘यात तिरकस गुणाकार कुठंच नाही. एनएमएमएसला बसणाऱ्या मुलांना वेग लागतो. चार चौकटी मांडल्या, गुणलं, भागलं, झालं.’

मी त्यांना वाट्यांचं उदाहरण तिरकस गुणाकारानं सोडवून दाखवते. ६ला ८, ४ला किती? चार आठे बत्तीस, भागिले सहा, ५ पूर्णांक १/३. कुठंही खटकत नाही, रीत बिनबोभाट चालते, आणि उत्तर चुकीचं येतं. वाटी लहान झाली तरी वाट्या कमीच भरल्या! तिरकस गुणाकार वाईट नाही. पण हे समचलन आहे की व्यस्त, हा निर्णय तो घेत नाही. तो निर्णय आधी झालेला असावा लागतो, आणि काल जे वर्गात नव्हते त्यांचा तोच बुडालाय. रीत त्यांना पुढच्या आठवड्यात वर्गात मिळेल. सरांना हे पूर्णपणे पटत नाही, पण ते एक चांगली गोष्ट सुचवतात : प्रमाणात नसलेलंही एक उदाहरण द्या.

म्हणून शेवटचे चाळीस सेकंद त्याला देते. ‘सीताबर्डीहून खापरीला एक मुलगी मेट्रोनं समजा अर्ध्या तासात पोचते. तीन मैत्रिणी एकत्र निघाल्या तर किती वेळ लागेल?’ प्रमाणाचा धडा चालू आहे, म्हणजे दीड तास किंवा दहा मिनिटं म्हणायला मुलं एका पायावर तयार असतात. गाडीत किती जणी बसल्या त्यावर गाडीचा वेग ठरत नाही. इथं भागाकारही नको, गुणाकारही नको. तोच प्रश्न तिसऱ्यांदा : यात काय बदलत नाही? वेळच.

संध्याकाळी पावणेसहा

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत चित्रीकरण करते. पंखा बंद, कारण त्याची घरघर आवाजात मिसळते. भाद्रपदातल्या नागपुरी उकाड्यात सात मिनिटं बिनपंख्याची जड जातात, पण आवाज स्वच्छ येतो. फोन पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवते. माझा चेहरा सुरुवातीला आणि शेवटी, मधला सगळा वेळ फळा आणि टेबलावरची तांदळाची परात. माणसांचे आकडे पांढऱ्या खडूनं, वाट्यांचे पिवळ्या. तरी रंगांवर विसंबत नाही, प्रत्येक आकडा एककासकट तोंडानं उच्चारते. एखाद्या घरी धडा नुसता ऐकलाच जाईल, म्हणून ‘हे बघा’, ‘इथं असं झालं’ अशी वाक्यं संहितेतून आधीच काढून टाकली आहेत.

तांदूळ मोजण्याचा भाग सलग घेते, मध्ये कापत नाही. बारा वाट्या एकामागून एक भरताना दिसल्या पाहिजेत. तो मिनिटभराचा भाग कंटाळवाणा होईल असं विज्ञानाच्या सरांना वाटत होतं. मला तसं वाटत नाही. मुलानं चौकटीत १० लिहिलं असेल, तर दहावी वाटी भरल्यावर परातीत उरलेला तांदूळ त्याला दिसतो आणि ते मोजणीकडे लक्ष देऊन बघू लागतं.

शेवटी दोन प्रश्न, उत्तरं फोनवर पाठवण्यासाठी. पहिला : ८ पेन्सिलींना २० रुपये, तर १४ पेन्सिलींना किती? दुसरा : तीच तांदळाची रास ३ चमच्यांच्या वाटीनं मोजली तर किती वाट्या भरतील? आणि दोन्हींखाली एकेक वाक्य : यात काय बदललं नाही?

पहिल्याचं उत्तर ३५. २६ आलं तर बेरीज. दुसऱ्याचं उत्तर १६. ११ आलं तर बेरीज, ४ आलं तर व्यस्त ओळखलेलं नाही. ही छोटीशी यादी मी संहितेच्या मागच्या बाजूला लिहून ठेवते, म्हणजे उत्तर वाचताना विचार करत बसावं लागत नाही.

रात्री साडेआठ

धडा सातच्या सुमारास पालकांच्या गटावर टाकला, आकारानं लहान करून. त्याआधी टाकून फारसा उपयोग नसतो. बऱ्याच घरांत फोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर. वडील घरी आले, जेवणं झाली, की मग मुलाच्या हाती फोन येतो. उत्तरं आठनंतर यायला लागतात.

एका मुलीचं पहिलं आलं : ३५ आणि १६. वाक्यं, ‘एका पेन्सिलीचे अडीच रुपये’ आणि ‘तांदूळ तेवढाच’. एका मुलानं ३५ लिहिलं आणि दुसऱ्याला ४. त्याला समचलन नीट कळलंय, पण सगळीच उदाहरणं तो तशीच सोडवतोय. एकाचं २६ आणि ११. दोन्हीकडे बेरीजच, तीही नीट आणि न चुकता. त्याच्या वाक्यात लिहिलंय, ‘फरक बदलला नाही, ६.’ प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलंच आहे. आठ पेन्सिली आणि चौदा पेन्सिली यांतला फरक सहा, तोच त्यानं रुपयांत मिळवला. त्याच्या मनात न बदलणारी गोष्ट फरक आहे.

याला धडा पुन्हा बघ असं सांगण्यात अर्थ नाही. त्यानं तो बघितलाय आणि आपल्या समजुतीत बसवलाय. हा पुढचा टप्पा चित्रित धड्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याला आठ पेन्सिली आणि वीस रुपये हातात द्यावे लागतील, मग आणखी सहा पेन्सिली द्याव्या लागतील, आणि त्या सहांचे सहाच रुपये घेणारा दुकानदार कोण, असं विचारावं लागेल.

नऊपैकी चार घरांतून अजून काहीच आलेलं नाही. ती चार नावं आणि हे दोन मुलगे, उद्या वर्ग भरण्याआधी साडेअकराला प्रयोगशाळेत. पेन्सिली शाळेतच आहेत, सुटे पैसे मला घरून न्यावे लागतील.

ही संहिता ज्या शिक्षकांना वापरायची असेल त्यांनी खुशाल वापरावी. एकच विनंती : पोहे, तांदूळ, वाट्या हवं तर बदला, पण बदललेल्या आकड्यांनी प्रत्येक चुकीच्या वाटेचं उत्तर काय येतं ते आधी कागदावर काढून बघा, आणि मगच चित्रीकरण सुरू करा.